"सोयाबीन पिवळं पडलंय, काय फवारू?" – कृषी ग्रुपवर प्रश्न कसा मांडला की जाणकार उत्तर देतात

जुलैत चार दिवस झड लागून ऊन पडलं की आमच्या ग्रुपवर तोच फोटो यायला लागतो. पिवळं पडलेलं सोयाबीन, भर दुपारच्या उन्हात काढलेलं, आणि खाली एक ओळ: "सर, काय फवारू?" पंधरा मिनिटांत चार उत्तरं हजर. एक जण युरिया सांगतो, दुसरा फेरस, तिसरा पांढऱ्या माशीचं औषध, चौथा म्हणतो टॉनिक मारा, फरक पडेल. ज्यांना खरोखर कळतं ते मात्र गप्प असतात.

त्यांना गर्व असतो म्हणून ते गप्प बसतात, असं नाही. महिनाभराचं सोयाबीन पिवळं पडायला निदान पाच वेगळी कारणं आहेत. एकाला औषध लागतं, एकाला नुसतं पाणी काढून द्यावं लागतं, एक आपोआप बरं होतं आणि एकाला औषधच नाही. एका फोटोवरून यातलं कुठलं हे सांगता येत नाही. उलट प्रश्न विचारावेत तर "सगळं बरोबर केलंय सर" एवढंच उत्तर येतं. दोन-तीनदा असं झालं की जाणता माणूस नाद सोडतो.

मी लातूर जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो. आमच्या ग्रुपमध्ये दुकानदार आहेत, नवे कृषी पदवीधर आहेत, माती तपासणारे आहेत, दोन-तीन निवृत्त अधिकारी आहेत. गिऱ्हाइकाच्या वतीने प्रश्न टाकणारी तरुण पोरं यात सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून हे मुख्यतः त्यांच्यासाठी. शेतकऱ्याने स्वतः विचारायचं असेल तरी क्रम हाच. उदाहरण शेवटपर्यंत पिवळ्या सोयाबीनचंच ठेवतो.

## १. फोन खिशात ठेवा, आधी रानात फिरा

प्रश्न लिहायला पाच मिनिटं पुरतात. त्याआधीची वीस मिनिटं शेतात जायला हवीत, आणि नेमकी तीच कुणी देत नाही. गिऱ्हाईक दुकानात एक झाड उपटून आणतो, आपण काउंटरवरच त्याचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. इथंच प्रश्न मेला. पिवळेपणा रानात कसा पसरलाय हे त्या एका झाडावर दिसत नाही, आणि जाणकार सगळ्यात आधी तेच विचारतो.

बांधावर उभं राहून अख्खं रान बघा. पिवळेपणा सखल भागात, पाणी साचलं तिथं जास्त आहे का? की फवारणीच्या माणसाने जसा फेरा मारला तसे पट्टे दिसतात? की हिरव्या पिकात मधूनच एखादं झाड पिवळं, शेजारचं ठणठणीत? सखल भाग असेल तर बोट पाण्याकडे जातं, पट्टे असतील तर पंपाकडे आणि सुटी झाडं असतील तर रोगाकडे. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मी कारणं गळून पडतात.

मग एका झाडाजवळ बसा आणि वरची कोवळी पानं पिवळी आहेत की खालची जुनी, ते बघा. हे महत्त्वाचं का, तर नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं नत्र काढून शेंड्याला देतं, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह तसं हलवता येत नाही. ते कमी पडलं की शेंड्याची नवी पानं पिवळी निघतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. पिवळ्या मोझॅकमध्ये असली जाळी नसते. पिवळे-हिरवे चट्टे शिरांचा मुलाहिजा न ठेवता कसेही पसरलेले असतात.

शेवटी दोन झाडं मुळासकट काढा. उपटू नका, खुरप्याने काढा, नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळावरची एक मोठी गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर असेल तर ती नत्र तयार करते आहे. करडी, हिरवट किंवा कुजकी निघाली तर ती काम करत नाही. मग खोड ब्लेडने उभं चिरा. आत तांबूस भुयार किंवा बारीक अळी दिसली तर खोडमाशी आहे, आणि फेरसची चर्चा तिथंच थांबते.

तपासा: निरोगी भागातलं एक झाडही असंच काढून, चिरून बघितलं का? तुलना नसेल तर "गाठी कमी आहेत" या वाक्याला अर्थ नाही.

## २. मागच्या महिनाभराचा हिशेब काढा

माझ्या अनुभवात जी गोष्ट प्रश्नात लिहायची राहते, बहुतेक वेळा उत्तर तिथंच दडलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी एका तरुण दुकानदाराने फोटो टाकला. पानं अरुंद झालेली, देठ पिळवटलेले, शेंडा खाली वळलेला. त्याने लिहिलं होतं, "व्हायरस आहे, कोणतं औषध?" तासभर व्हायरसवरच चर्चा चालली. शेवटी कुणीतरी विचारलं, पंप कुणाचा? पंप शेजाऱ्याचा होता आणि आदल्या आठवड्यात त्याने त्याच पंपाने उसात टू-फोर-डी मारलं होतं. पंप नीट धुतला नव्हता. विचारणाऱ्याने काही लपवलं नव्हतं, पंपाचा याच्याशी संबंध असेल हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

म्हणून काय महत्त्वाचं आणि काय नाही हे आपण ठरवायचं नाही. पेरणीपासून आजपर्यंत रानात जे जे पडलं ते तारखेने लिहून काढायचं: पेरणीची तारीख, वाण, बियाण्याला काय लावलं, कोणतं खत एकरी किती. मग तणनाशक, कीटकनाशक, टॉनिक, जे काही फवारलं असेल त्याची तारीख. आणि पाऊस कधी झाला, किती दिवस चालला, रानात पाणी किती वेळ उभं राहिलं.

औषधाचं नाव लिहिताना कंपनीचं नाव पुरत नाही. बाटलीवर बारीक अक्षरांत मूळ घटक आणि त्याचं प्रमाण असतं, ते लिहा. सोप्यात सोपं म्हणजे लेबलचा फोटो काढा. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी मारतात ते इमॅझेथापायर घ्या. ते मारल्यावर काही वेळा शेंडा आठ-दहा दिवस फिका पडतो, वाढ थबकते, पानाच्या मागच्या शिरा लालसर होतात, आणि मग पीक आपोआप सावरतं. ही माहिती मिळाली तर जाणकार "थांबा, काही करू नका" एवढंच सांगून शेतकऱ्याचे हजार-दोन हजार वाचवतो. नाही मिळाली तर त्याच रानावर तीन फवारण्या होतात, आणि सावरल्याचं श्रेय टॉनिकला जातं.

मात्रा "दोन टोपणं" अशी लिहू नका. टोपण प्रत्येक बाटलीचं वेगळं असतं. एकूण किती मिली, किती पंप, पंप किती लिटरचा आणि रान किती एकर, हे चार आकडे द्या. बाकी हिशेब वाचणारा करतो. या आकड्यांत डोस दुप्पट पडल्याचं कित्येकदा लगेच उघडं पडतं.

सावध: शेतकऱ्याला "काही फवारलं होतं का?" असं विचारलं की तो "नाही" म्हणतो, कारण त्याच्या लेखी तणनाशक म्हणजे फवारणी नाही. "गवताचं औषध कधी मारलं? त्या पंपाने आधी काय मारलं होतं?" असं विचारा.

## ३. पाच फोटो, त्याहून जास्त नको

वीस फोटो टाकले की कुणी उघडत नाही, आणि एका फोटोत काही कळत नाही. पाच पुरतात.

१. बांधावरून अख्ख्या रानाचा, ज्यात पिवळा आणि हिरवा दोन्ही भाग येतील.

२. एक पूर्ण झाड, मुळासकट. निरोगी झाड शेजारी ठेवून, खाली पोतं किंवा कागद अंथरून.

३. शेंड्याचं पान जवळून, त्याच्या शेजारी त्याच झाडाचं जुनं पान.

४. पानाची मागची बाजू. पांढरी माशी, तुडतुडे, लालसर शिरा तिथंच दिसतात.

५. चिरलेलं खोड आणि फोडलेली गाठ.

फोटो सकाळी नऊच्या आत किंवा आपल्या अंगाच्या सावलीत काढा. दुपारच्या उन्हात हिरवं पानही पिवळट दिसतं आणि फिकं पान पांढरं. पिवळेपणाच्या प्रश्नात रंगच फसवा निघाला तर पुढचं सगळं फुकट. मी स्वतः असा फसलोय. उन्हातल्या धूसर फोटोवरून एकाला फेरस सांगून मोकळा झालो आणि आठ दिवसांनी रानात गेलो तर पिवळा मोझॅक होता. त्या आठ दिवसांत रोगट झाडं उपटून टाकायची राहिली आणि पांढऱ्या माशीने रोग पुढे नेला.

पान जवळून घेताना फोन फार जवळ नेऊ नका, वीतभर अंतर ठेवा आणि पडद्यावर पानावर बोट टेकवून मग बटण दाबा. मापासाठी शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे पाठवताना एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडा.

तपासा: पाठवायच्या आधी फोटो बोटांनी मोठा करून बघा. शिरा तुम्हाला दिसत नसतील तर परभणीत बसलेल्या माणसालाही दिसणार नाहीत.

## ४. ग्रुपमध्ये आधी शोधा

यावर फार लिहायला नको. ग्रुपच्या शोधात "पिवळ", "फेरस", "मोझॅक" टाकून मागच्या जुलै-ऑगस्टमधले मेसेज चाळा. "पिवळ" एवढंच टाका, म्हणजे पिवळं, पिवळी, पिवळा सगळं सापडतं. जुनं उत्तर सापडलं तर ते तसंच उचलून फवारू नका, पण प्रश्नात त्याचा उल्लेख करा: "मागच्या वर्षी इथं फेरस सांगितलं होतं, पण माझ्या रानात जुनी पानंही पिवळी आहेत, म्हणून विचारतोय." ज्याने तेव्हा उत्तर दिलं होतं तो हे वाचून हमखास बोलतो.

शोधात काही मिळत नाही याचं एक कारण म्हणजे व्हॉइस मेसेज. तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज बैठकीत बसलेला माणूस ऐकू शकत नाही आणि पुढच्या वर्षी तो शोधातही येत नाही. टाइप करायचा कंटाळा असेल तर फोनला बोलून मराठीत टाइप करून घ्या, चुका दुरुस्त करा आणि मग पाठवा.

## ५. आता लिहा: पहिली ओळ, पाहिलेलं, केलेलं, प्रश्न

पहिल्या ओळीत पीक, वय, ठिकाण आणि मुख्य लक्षण आलं पाहिजे. "अर्जंट मदत हवी" ही ओळ वाया जाते. ग्रुपवर दिवसाला दीडशे मेसेज येतात. पिकाचं नाव दिसलं तरच त्या पिकाचा माणूस थांबतो.

दुसरी गोष्ट जरा कठीण आहे. पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवायचं. "लोहाची कमतरता आहे, किती फेरस टाकू?" असं विचारलं की वाचणाऱ्याला दोनच वाटा राहतात. मात्रा सांगायची किंवा तुमचं निदान खोडून काढायचं. चारचौघांत खोडायला कुणालाच बरं वाटत नाही, म्हणून तो मात्रा सांगतो किंवा गप्प बसतो. त्याऐवजी आधी डोळ्यांनी दिसलेलं लिहा आणि शेवटी "मला लोह वाटतंय, कारण अमुक" असं जोडा. मग चूक दाखवणं सोपं जातं.

मागच्या हंगामात औसा तालुक्यातल्या एका पोराने पहिल्यांदा जे टाकलं ते असं:

> नमस्कार सर, सोयाबीन पिवळे पडत आहे, खूप खत टाकले तरी फरक नाही, कोणते औषध मारावे, लवकर सांगा 🙏🙏

सोबत दोन फोटो. उत्तरं आली तीन: युरिया, टॉनिक आणि पांढऱ्या माशीचं औषध. मी त्याला फोन करून रानात जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने हे टाकलं:

> सोयाबीन, २८ दिवस, औसा तालुका: सखल भागात शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या
>
> रान ३ एकर, भारी काळं, मातीत चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. पूर्वेला उतार. पूर्वेच्या साधारण ३० गुंठ्यांत पिवळेपणा, चढावरचं पीक हिरवं.
>
> कोवळी पानं पिवळी, जुनी हिरवी. खोड चिरून पाहिलं, भुयार नाही. चढावरच्या झाडाच्या गाठी आतून गुलाबी, सखल भागातल्या निम्म्या करड्या. पांढरी माशी ५ झाडं हलवून पाहिली, एखाद-दुसरी.
>
> पेरणी २१ जून, वाण एमएयूएस-६१२, बियाण्याला बुरशीनाशक आणि रायझोबियम. डीएपी एकरी १ बॅग. ११ जुलैला इमॅझेथापायर १०% एसएल, एकूण १२०० मिली, १५ लिटरचे ४० पंप, ३ एकरांवर. पंप घरचा, त्याने आधी दुसरं काही मारलेलं नाही. १३ ते १६ जुलै झड. सखल भागात दोन दिवस पाणी उभं होतं, अजून वाफसा नाही. त्यानंतर काही फवारलेलं नाही.
>
> मला पाण्यामुळे लोह कमी पडल्यासारखं वाटतंय, पण तणनाशकाचा परिणामही असू शकतो का? या दोन्हीत फरक कसा ओळखू? उद्यापर्यंत काही करत नाही, थांबतो.

यातलं शेवटचं वाक्य बघा. "लवकर सांगा" याच्या जागी "उद्यापर्यंत थांबतो" आलंय. उत्तर देणाऱ्याला कळतं की आपण लिहीपर्यंत हा काही फवारून मोकळा होणार नाही. प्रश्नही "काय मारू" असा राहिला नाही. "या दोन कारणांत फरक कसा ओळखू" असा झाला. असल्या प्रश्नाला जाणकार जागचा हलतो.

सावध: एका मेसेजात एकच प्रश्न. याच मेसेजात "आणि तुरीला खत किती?" असं जोडलं की सगळे सोप्या तुरीवरच उत्तरं देतात.

## ६. पाठवल्यावर निघून जाऊ नका

संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ बरी. दिवसभर जाणकार स्वतःच्या कामात असतात आणि दुपारी टाकलेला प्रश्न रात्रीपर्यंत शुभेच्छांखाली गाडला जातो. तोच प्रश्न एकाच वेळी सहा ग्रुपवर टाकू नका. आपल्याकडे तीच चार माणसं सगळ्या ग्रुपवर असतात. त्यांना ते दिसतं आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरीकडे उत्तर मिळालं असेल.

औश्याच्या पोराच्या मेसेजला अर्ध्या तासात एका निवृत्त अधिकाऱ्यांचा उलट प्रश्न आला: "फवारणी करताना वळण कुठल्या बांधाला घेता? वळणावर डबल पडतं." मोठा नेमका प्रश्न होता. वळण पूर्वेच्या सखल बांधाला असेल तर तिथं तणनाशक जास्त पडलेलं असणार आणि पाण्याचा संशय चुकीचा ठरू शकतो. पोराने अंदाजाने उत्तर दिलं नाही. "सकाळी बघून सांगतो काका" असं लिहिलं आणि सकाळी रानात जाऊन लिहिलं, "वळण दोन्ही बांधांना आहे. पश्चिमेच्या वळणावरचं पीक हिरवं आहे. पानाच्या मागे शिरा लाल नाहीत."

म्हणजे जिथं औषध दुप्पट पडलं पण पाणी थांबलं नाही तिथं पीक हिरवं, आणि जिथं पाणी थांबलं तिथं पिवळं. तणनाशक मुख्य कारण नाही हे ठरायला एवढं पुरलं. ग्रुपवरच्या कुणालाही हे फोटोवरून कळलं नसतं.

उलट प्रश्न आला म्हणजे कुणीतरी मनावर घेतलंय असं समजा. त्याच मेसेजला रिप्लाय करून उत्तर द्या, म्हणजे धागा तुटत नाही. माहीत नसेल तर "माहीत नाही" असं सरळ लिहा. "पावसाचं प्रमाण ठीकठाक" असल्या उत्तराने समोरचा चुकीच्या वाटेला लागतो, आणि त्याचं खापर पुन्हा त्याच्यावरच फुटतं.

एक दिवस काहीच उत्तर आलं नाही तर पूर्ण मेसेज परत टाकू नका. जुन्या मेसेजला रिप्लाय करून एखादी नवी गोष्ट जोडा, जसं "आज वाफसा आला, नवीन पान असं निघालंय" आणि एक फोटो. कुणाला खासगीत मेसेज करायचाच असेल तर आधी ग्रुपवर विचारलेलं असू द्या आणि त्यांना तो मेसेजच पाठवा.

## ७. आलेल्या उत्तरांची चाळणी

पाच उत्तरं आली तर पाचही एका पंपात मिसळणारे मी पाहिलेत. ज्याने तुमच्या मेसेजातल्या एखाद्या गोष्टीवर बोट ठेवून कारण सांगितलं, त्याचं उत्तर आधी घ्या. "सखल भाग, चुनखडी, शेंडा पिवळा, म्हणून लोह" हे उत्तर झालं. "अमुक मारा, रिझल्ट शंभर टक्के" ही जाहिरात. आम्ही दुकानदारही ग्रुपमध्ये असतो हे विसरू नका. आपल्या फळीवर जे आहे ते सुचवायचा मोह आम्हाला होतो.

इथं ठरलं ते असं. चर काढून आधी सखल भागातलं पाणी बाहेर काढायचं. वाफसा आल्यावर कोळपणी करायची, म्हणजे मुळांना हवा मिळेल. लोह चुनखडीच्या मातीत असतंच, पण सामू जास्त असल्यामुळे आणि रान चिबडल्यामुळे मुळांना ते उचलता येत नाही. म्हणून जमिनीत टाकण्यापेक्षा पानावर द्यायचं: फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, सोबत विरलेला चुना अडीच ग्रॅम, दोन्ही वेगवेगळं विरघळवून, गाळून आणि मग एकत्र करून. १५ लिटरच्या पंपाला हे ७५ ग्रॅम फेरस होतं. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, आणि तीही फक्त त्या ३० गुंठ्यांवर. तीन एकर फवारायची गरज नव्हती. युरिया सांगणाऱ्याने स्वतःच आपला सल्ला मागे घेतला, कारण जुनी पानं हिरवी होती.

त्यात माझी एक भर होती: पिवळ्या भागातले चार तास, म्हणजे पिकाच्या चार ओळी, न फवारता सोड आणि दोन्ही टोकांना काठ्या रोव. नाहीतर फरक फवारणीने पडला की उघडिपीने, हे कधीच कळत नाही.

तपासा: औषधाचं नाव आलं की लेबलवर सोयाबीन आहे का आणि मात्रा किती दिलीय, हे फवारणीआधी वाचा. ग्रुपवर मिली आणि ग्रॅमची, लिटर आणि पंपाची गल्लत रोज होते. "५० ग्रॅम" एवढंच कुणी लिहिलं असेल तर "कशाला, लिटरला की पंपाला?" असं विचारायला लाजू नका.

## ८. हे प्रश्न ग्रुपवर टाकूच नका

फवारताना कुणाला गरगरलं, उलट्या झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली तर मेसेज लिहीत बसू नका. माणसाला रानाबाहेर आणा, कपडे बदला, अंग धुवा आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. बाटलीवरच्या लेबलवर विषबाधेचा उतारा लिहिलेला असतो, डॉक्टरला तो लागतो.

बियाणं उगवलं नाही तर ग्रुपवर कंपनीला शिव्या घालण्याआधी पिशवी, टॅग, बिल आणि उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवा. तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, तालुकास्तरीय समिती रानात येऊन पंचनामा करते. दुबार पेरणीसाठी रान मोडल्यावर पाहणीला काही उरत नाही. ग्रुपवर फार तर अर्ज कसा लिहावा हे विचारा.

## ९. आठ-दहा दिवसांनी परत या

बहुतेक जण काम झालं की गायब होतात. औश्याच्या पोराने नवव्या दिवशी आपल्याच जुन्या मेसेजला रिप्लाय करून लिहिलं:

> फवारलेल्या भागात नवीन दोन पानं हिरवी निघाली. आधी पिवळी झालेली पानं थोडीच सुधारली. न फवारलेल्या चार तासांतही नवीन पान हिरवट आहे, पण झाड वीतभर मागे आहे. चर काढलेल्या बाजूला फरक लवकर पडला. फोटो जोडतोय.

त्यावर पुन्हा चर्चा झाली, कारण न फवारलेले तासही सावरत होते. निवृत्त अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की निम्मं काम पाणी काढल्याने झालं आणि फेरसने वेळ वाचवला. माती तपासणाऱ्या एका मॅडमनी त्याला त्या ३० गुंठ्यांतली आणि चढावरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत आणायला सांगितली, सामू आणि मुक्त चुना बघायला. हरभरा पेरायच्या आधी ती तपासायची ठरली.

या पावसाळ्यात शोधात "पिवळ" टाकलं की पहिल्यांदा त्याचाच मेसेज वर येतो. परवा निलंग्याच्या एकाने त्याच मेसेजला रिप्लाय करून लिहिलं, "माझंही असंच आहे, फक्त माझ्याकडे चढावरही पिवळं आहे." चढावर का, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. पंप कुणाचा आहे, एवढं मी त्याला विचारलंय.